व्याजदर हलला नाही, तरी भाव कोसळला

८ फेब्रुवारी २०१७ ची दुपार. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीचा निर्णय जाहीर व्हायचा होता आणि मुंबईतील बँकांच्या ट्रेझरी विभागांत सारे डोळे पडद्यावर खिळलेले होते. व्याजदरात कपात होणार, असे बाजारातील बहुतेकांचे अनुमान होते. निर्णय आला : रेपो दर सव्वासहा टक्क्यांवर कायम. कपात नाही, वाढही नाही. वास्तविक ‘जैसे थे’ म्हटल्यावर काही घडावयास नको. पण त्याच दिवशी देशातील सर्वाधिक उलाढालीच्या सरकारी रोख्याचा भाव शंभर रुपयांमागे दोन रुपयांहून अधिक कोसळला. ज्याच्यावर सार्वभौम सरकारची हमी, ज्याचे व्याज एक दिवसही चुकत नाही, त्या रोख्याची ही अवस्था का व्हावी?

‘सरकारी रोखे म्हणजे शंभर टक्के सुरक्षित’ हे वाक्य आपल्या घराघरांत प्रमाण मानले जाते. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. सरकार मुद्दल आणि व्याज देणार याची खात्री असते. मधल्या काळात त्या रोख्याला बाजारात काय भाव मिळेल याची हमी कोणीही देत नाही. या दोन गोष्टींतील अंतर ज्यांना पैसे सांभाळावयास दिले आहेत त्यांनीच ओळखले नाही, तर त्याची किंमत शेवटी ठेवीदार आणि करदाता यांनाच मोजावी लागते. म्हणून हा विषय केवळ दलालांचा नाही.

प्रथम मूळ गणित समजून घेऊ. सरकार रोखा काढते तेव्हा त्यावरचे व्याज कायमचे ठरलेले असते. समजा, शंभर रुपयांचा एक रोखा आहे, त्यावर वर्षाला सात रुपये व्याज आहे आणि मुदत संपायला एक वर्ष उरले आहे. वर्षअखेर धारकाच्या हाती १०७ रुपये पडणार, यात आता कोणीही बदल करू शकत नाही. उद्या बाजारात एक वर्षाच्या नव्या रोख्यावर आठ टक्के मिळू लागले, तर आपला सात टक्क्यांचा रोखा शंभर रुपयांना कोण घेईल? घेणारा म्हणेल, मलाही आठ टक्केच पडले पाहिजेत. व्याज तर वाढवता येत नाही. तेव्हा उरतो एकच उपाय, भाव उतरवणे. ९९ रुपये ७ पैशांना हा रोखा दिला, तर वर्षाने मिळणारे १०७ रुपये बरोबर आठ टक्के भरतात. उलट, बाजारातील दर सहा टक्क्यांवर आला तर हाच रोखा १०० रुपये ९४ पैशांना विकला जाईल. घेणाऱ्याला त्याने दिलेल्या भावावर प्रत्यक्षात जो दर पडतो त्याला परतावा म्हणतात. बाजाराच्या बोलीत ‘यील्ड’. भाव आणि परतावा हे एकाच तराजूचे दोन पारडे आहेत. एक वर गेले की दुसरे खाली आलेच पाहिजे. यात कोणाची चलाखी नाही, की सट्टा नाही. येणारी रक्कम ठरलेली असल्यामुळे होणारा हा साधा भागाकार आहे.

एक वर्षाच्या रोख्यात हा झोका रुपया-पाऊण रुपयाचा असतो. पण मुदत दहा वर्षांची असेल तर? आता कमी व्याजाचा तोटा एकदा नव्हे, दहा वेळा सोसावयाचा आहे आणि मुद्दलही दहा वर्षांनी हाती येणार आहे. वर्षातून एकदा व्याज मिळते असे धरून हिशेब केला, तर परतावा सातावरून आठ टक्के झाल्यास रोख्याचा भाव सुमारे ९३ रुपये ३० पैशांवर येतो. सहा टक्के झाल्यास १०७ रुपये ३६ पैशांवर जातो. तीस वर्षांच्या रोख्यात आठ टक्क्यांना भाव पावणेएकोणनव्वदच्या घरात येतो. मुदत जितकी लांब, तितका झोका मोठा. सरकार तेच, हमी तीच. बदलली ती केवळ मुदत. या झोक्याचे माप म्हणून व्यापारी ‘ड्युरेशन’ नावाचा आकडा वापरतात. दहा वर्षांच्या या रोख्याचे सुधारित ड्युरेशन साताच्या आसपास आहे. म्हणजे परतावा एक टक्का चढला की भाव साधारण सात टक्के उतरतो. सारा विषय या एका आकड्यात सामावलेला आहे, असे म्हटले तरी चालेल.

आता पुन्हा फेब्रुवारी २०१७ कडे वळू. त्या वेळी बाजाराचा मानदंड समजला जाणारा रोखा ६.९७ टक्के व्याजाचा आणि २०२६ मध्ये मुदत संपणारा होता. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली आणि घरोघरची रोकड बँकांत जमा झाली. कर्जाला मागणी कमी, ठेवींचा मात्र पूर. बँकांनी तो पैसा सरकारी रोख्यांत वळवला. मागणी वाढल्याने भाव चढले आणि परतावा नोव्हेंबरअखेरीस सव्वासहा टक्क्यांच्याही किंचित खाली गेला. पाठोपाठ ‘आता व्याजदर आणखी उतरणार’ ही धारणा पक्की झाली. डिसेंबरमध्ये कपात झाली नाही, तेव्हा ती फेब्रुवारीत होईल असे गृहीत धरले गेले. येणाऱ्या कपातीचा लाभ आधीच भावात जमा झालेला होता, हा येथला कळीचा मुद्दा आहे.

फेब्रुवारीत समितीने दर कायम ठेवला; पण निवेदनात एक शब्द बदलला. तोवर धोरणाचा पवित्रा उदार होता, तो आता ‘तटस्थ’ झाल्याचे जाहीर करण्यात आले. याचा अर्थ, कपातीचे पर्व संपले असे समजावे. परतावा सुमारे ६.४३ टक्क्यांवरून ६.७४ टक्क्यांच्या आसपास चढला. वरवर पाहता हा बदल एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण मुदत साडेनऊ वर्षांहून अधिक उरलेली असल्यामुळे भाव सुमारे १०३ रुपये ८० पैशांवरून १०१ रुपये ६० पैशांच्या घरात आला. या बाजारात सौद्याचा सर्वसाधारण घास पाच कोटींचा असतो. अशा एका घासामागे सुमारे अकरा लाख रुपयांचा तोटा एका दुपारी झाला. रोख्यावर जवळजवळ चार महिन्यांत जे व्याज मिळाले असते, ते काही तासांत गेले.

दरातील बदलाची व्यापाऱ्यांना एवढी धास्ती का वाटते, हे येथे स्पष्ट होते. गृहस्थ स्वतःच्या बचतीतून रोखा घेतो आणि व्याज खात बसतो. व्यापारी बहुधा रातोरात उसन्या घेतलेल्या पैशावर रोखा धरून असतो. समजा, तो उसना पैसा त्याला सहा टक्क्यांच्या आसपास पडतो आणि रोख्यावर ६.४३ टक्के मिळतात. म्हणजे शंभर रुपयांमागे वर्षाला ४३ पैसे ही त्याची खरी मिळकत. त्या दुपारचा तोटा २ रुपये २० पैशांचा, म्हणजे पाच वर्षांच्या मिळकतीएवढा! आवळा मिळवण्याच्या नादात कोहळा गमावला म्हणतात तो असा. म्हणूनच जाणता व्यापारी ‘व्याज किती?’ हा प्रश्न नंतर विचारतो. आधी विचारतो, की परतावा एक शतांश टक्का हलला तर माझे किती जातील? आपल्या उदाहरणात याचे उत्तर शंभर रुपयांमागे सुमारे सात पैसे, म्हणजे पाच कोटींमागे पस्तीस हजार रुपये. या शतांश टक्क्याला बाजारात ‘बेसिस पॉइंट’ म्हणतात. किती पस्तीस हजार सोसण्याची आपली ऐपत आहे हे ठरवून त्यानुसार साठा ठेवणे, आणि ती मर्यादा ओलांडताच मोह न धरता विकून बाहेर पडणे, ही या धंद्यातील शिस्त होय.

व्याजदराची बातमी आणि भावाची चाल यांचा संबंध सरळ नसतो, हेही येथे लक्षात घ्यावे. भाव हलतो तो बातमी आणि अपेक्षा यांतील फरकाने. याचा दाखला ६ जून २०२५ रोजी पुन्हा मिळाला. रिझर्व्ह बँकेने त्या दिवशी रेपो दर अर्ध्या टक्क्याने घटवून साडेपाच टक्के केला. अनेकांना पाव टक्क्याचीच आशा होती. पुस्तकी नियमाप्रमाणे रोख्यांचे भाव चढावयास हवे होते. परंतु त्याच निवेदनात पवित्रा पुन्हा ‘तटस्थ’ केला गेला, आणि पुढील कपातींना आता फारसा वाव नाही असा त्याचा अर्थ बाजाराने घेतला. त्यानंतरच्या आठवड्यांत लांब मुदतीच्या रोख्यांचा परतावा खाली येण्याऐवजी वर गेला. रेपो दर हा एका रात्रीच्या उसनवारीचा दर आहे. दहा वर्षांच्या रोख्यात मात्र पुढील दहा वर्षांतील व्याजदर, महागाई आणि सरकारची कर्जाची गरज यांविषयीचे साऱ्या बाजाराचे अनुमान साठवलेले असते. ‘दर उतरले, आता रोखे घ्या’ असा सल्ला देणारा बहुधा गाडी सुटून गेल्यावर तिकीट विकत असतो.

येथवर झाला तो व्यापाऱ्यांचा विचार. पण आपल्या देशात या बाजारातील सर्वांत मोठे खेळाडू आहेत आपल्या बँका. कायद्यानेच त्यांना ठेवींचा ठराविक हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो, आणि २०१७ मध्ये तर त्यांच्याकडे त्याहूनही बराच अधिक साठा होता. पुढे काय झाले? त्या वर्षाच्या उत्तरार्धात खनिज तेल महागले, महागाई वर वळली आणि डिसेंबर २०१७ च्या अखेरीस केंद्राने ५०,००० कोटी रुपयांचे जादा कर्ज उभारण्याचे जाहीर केले. ही रक्कम नंतर २०,००० कोटींवर आणली गेली, पण तोवर बाजार बिथरला होता. जुलै २०१७ मध्ये साडेसहा टक्क्यांच्या आसपास असलेला परतावा मार्च २०१८ पर्यंत पावणेआठ टक्क्यांच्या जवळ पोहोचला. सव्वा टक्क्याला सातने गुणून पाहावे, म्हणजे दहा वर्षांच्या रोख्यांचे काय झाले असेल ते कळते. थकीत कर्जांनी आधीच वाकलेल्या सरकारी बँकांवर हा दुसरा घाव होता.

बँकांचे रोखे हिशेबाच्या तीन कप्प्यांत ठेवले जातात. एक मुदत संपेपर्यंत सांभाळण्याचा, दुसरा विक्रीसाठी उपलब्ध असलेला आणि तिसरा निव्वळ व्यापाराचा. पहिल्या कप्प्यातील रोखे खरेदीच्या किमतीलाच मांडता येतात. बाजारात भाव कितीही उतरला तरी नफा-तोट्यात तो दिसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! दुसऱ्या आणि तिसऱ्या कप्प्यात मात्र भाव उतरला की त्या काळच्या नियमांनुसार नफ्यातून तरतूद करावी लागे. म्हणजे तोटा उघड होत असे. आणि तो उघड होऊ लागला, की सवलतीसाठी रिझर्व्ह बँकेचे दार ठोठावले जात असे. २००४ मध्ये दर वर वळले तेव्हा रोखे पहिल्या कप्प्यात हलवण्याची एकवेळची मुभा देण्यात आली होती. २ एप्रिल २०१८ रोजी पुन्हा परिपत्रक निघाले : डिसेंबर २०१७ आणि मार्च २०१८ या तिमाहींतील तोट्याची तरतूद चार तिमाहींत विभागून करावी.

आमचे मतभेद येथे सुरू होतात. त्याआधी अडीच महिन्यांपूर्वीच, जानेवारी २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी मुंबईत रोखे बाजारातील मंडळींसमोरच स्पष्ट शब्दांत बजावले होते, की बँकांची व्याजदराची जोखीम नियामकाने पुनःपुन्हा सांभाळत राहणे योग्य नाही. ती बँकांनी स्वतः सांभाळावी. हे मत अगदी रास्त होते. नोटाबंदीनंतर भाव चढले तेव्हा झालेला नफा चार तिमाहींत वाटून दाखवावा, असे कोणत्याही बँकेने म्हटले नव्हते. नफा ताबडतोब आणि तोटा सवडीने, ही पद्धत कोणत्याही घरात चालत नाही. मग सार्वजनिक बँकांत का चालावी?

यावर एक प्रतिवाद केला जातो, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. बँक रोखा मुदतीपर्यंत धरून ठेवणार असेल, तर पूर्ण मुद्दल मिळणारच. मग मधल्या कागदी तोट्याचा बाऊ कशाला? परंतु यातही अर्धेच सत्य आहे. बाजारात आठ टक्के मिळत असताना ज्याने सात टक्क्यांचा रोखा धरून ठेवला, त्याने तोटा टाळलेला नसतो. तो दरवर्षी एकेक टक्का, आवाज न करता सोसलेला असतो. शिवाय ‘मुदतीपर्यंत धरून ठेवू’ हे केवळ बँकेच्या हाती नसते, ते ठेवीदारांच्याही हाती असते. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेने हे मार्च २०२३ मध्ये अनुभवले. तिच्याकडे बुडीत कर्जांचा डोंगर नव्हता. स्वस्त व्याजाच्या काळात घेतलेले लांब मुदतीचे, पत उत्तम असलेले रोखे होते. दर चढले, भाव उतरले. ठेवीदार पैसे मागू लागले तेव्हा बँकेला २१ अब्ज डॉलरचे रोखे विकून १.८ अब्ज डॉलरचा तोटा उघड करावा लागला आणि दोन दिवसांत बँकेला कुलूप लागले. मूठ उघडावी लागते त्या दिवशी तिच्यात काय आहे ते दिसतेच.

आपल्याकडे तसे झाले नाही. आपल्या सरकारचे कर्ज प्रामुख्याने रुपयांत आहे आणि ते मुख्यतः आपल्याच बँका, विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी यांनी धारण केलेले आहे. परकीय सावकार एका रात्रीत गाशा गुंडाळून गेला आणि देश उघडा पडला, ही वेळ त्यामुळे टळते. स्वदेशी बचतीवर उभ्या असलेल्या अर्थव्यवस्थेचे हे खरे बळ होय. परंतु याचीच दुसरी बाजू अशी, की भाव उतरल्याचा फटकाही घरातल्या घरातच बसतो. सरकारी बँकेचे भांडवल आटले, की ते करदात्याच्या पैशातून पुन्हा भरावे लागते. ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर झालेली २ लाख ११ हजार कोटींची भांडवल योजना मुख्यतः बुडीत कर्जांपायी होती, हे खरे. पण त्याच महिन्यांत ज्या बँकांनी रोख्यांतही भांडवल घालवले, त्यांनी एका हाताने घेतले आणि दुसऱ्या हाताने सांडले. पैसा आपलाच म्हणून हिशेब सैल ठेवणे हा स्वदेशीचा अर्थ नव्हे. उलट पैसा आपला म्हणूनच हिशेब अधिक कडक हवा.

सुदैवाने पावले त्या दिशेने पडत आहेत. २०१८ च्या त्याच परिपत्रकाने सवलतीबरोबर एक चांगली अटही घातली होती : चांगल्या वर्षातील नफ्यातून रोख्यांच्या चढउतारासाठी स्वतंत्र राखीव निधी उभारावा, आणि तो विक्रीयोग्य साठ्याच्या किमान दोन टक्के असावा. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनुसार विक्रीसाठी उपलब्ध रोख्यांतील वाढ आणि घट दोन्हीही थेट राखीव निधीत दाखवावी लागते. म्हणजे नफा एका मापाने आणि तोटा दुसऱ्या मापाने, हा प्रकार तेथे संपला. पुढची पायरी एवढीच, की पुन्हा कधी दर झपाट्याने चढले तर सवलतीचे परिपत्रक निघू नये. दोन टक्क्यांचा निधी सव्वा टक्क्याच्या झोक्याला पुरत नाही, हे वरील गुणाकारावरून दिसतेच. तेव्हा ज्या बँका लांब मुदतीचे रोखे अधिक ठेवतात, त्यांनी हा निधीही अधिक ठेवावा.

राहता राहिला आपल्या घरचा प्रश्न. अनेक कुटुंबांनी बँकेचे व्याज उतरले म्हणून गिल्ट फंडात पैसे ठेवले आहेत, तर २०२१ पासून काहींनी रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट योजनेतून थेट रोखेही घेतले आहेत. त्यांनी गेल्या वर्षाचा परतावा पाहून हुरळून जाऊ नये. फंडाच्या मासिक पत्रकात ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ हा आकडा छापलेला असतो, तो आधी पाहावा. तो सात असेल आणि दर एक टक्का चढले, तर दहा लाखांचे सुमारे नऊ लाख तीस हजार होतील. त्यानंतर फंडाची मिळकत दरवर्षी सुमारे एक टक्क्याने वाढलेली असेल, म्हणून दर तेथेच थांबले तर ही खोट साधारण सात वर्षांत भरून निघेल. सात वर्षे पैसे लागणार नसतील त्याने खुशाल थांबावे. दोन वर्षांनी कन्येचे लग्न किंवा घराचा हप्ता असेल, त्याने ड्युरेशन दोनच्या वर जाऊ देऊ नये. आणि ज्याने स्वतः रोखा घेतला आहे आणि मुदतीपर्यंत थांबण्याची तयारी आहे, त्याने मधल्या भावाकडे पाहून घाबरण्याचे कारण नाही. मात्र तोवर कमी व्याजावर समाधान मानावे लागेल, हे मनाशी स्वच्छ असावे.

घरातील मिळकत ठरवणाऱ्या कर्त्याने जो एक गुणाकार करावयाचा, तोच बँकेच्या संचालकानेही करावयाचा आहे : साठा किती, ड्युरेशन किती, दर एक टक्का चढला तर किती जाईल आणि तेवढे सोसण्याइतके भांडवल आहे काय. ८ फेब्रुवारी २०१७ रोजी हे चारही आकडे प्रत्येक बँकेत उपलब्ध होते. भाव समितीने बदललेल्या एका शब्दाने पडला. पण तोटा मात्र ज्यांनी हा गुणाकार आदल्या दिवशी केला नव्हता, त्यांनाच खरा जड गेला.